तास वेगळे, गुण वेगळे : अभ्यासक्रमाचा कागद वाचताना

सेमिस्टर सुरू झालं की डिपार्टमेंटच्या ग्रुपवर एक पीडीएफ येते. आपण ती डाउनलोड करतो, संदर्भग्रंथांच्या यादीवर नजर टाकतो आणि मग ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत फोनमध्येच पडून राहते. ज्यांना वेळ भरपूर आहे त्यांचं यात फारसं नुकसान होत नाही, ते सगळंच वाचतात. पण आपल्या मंडळातल्या अर्ध्याअधिक जणांची गोष्ट वेगळी आहे. कुणी संध्याकाळी दुकानात उभं राहतं, कुणाचे रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये जातात. अशांनी तो कागद नीट वाचायलाच हवा, कारण सगळं वाचणं त्यांना परवडत नाही आणि काय सोडायचं ते त्या कागदातूनच कळतं.

मी इथे एकच पेपर घेऊन ते दाखवणार आहे. माझ्या एका ज्युनियर मैत्रिणीबरोबर बसून मी त्याची आखणी केली होती. पेपर भाषाविज्ञानाचा, क्रेडिट चार. तिच्याकडे परीक्षेआधी सहा आठवडे होते आणि या पेपरासाठी आठवड्याला पाच तास. त्याहून एक तासही जास्त नाही, कारण बाकीचे पेपर होते आणि शनिवार-रविवार घरच्या दुकानात जायचे.

कागदाच्या डोक्यावर कोर्स कोड, क्रेडिट, एकूण तास आणि तो कोणत्या वर्षापासून लागू हे छापलेलं असतं. इथे एक साधी पडताळणी करता येते. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं अध्यापन, म्हणजे चार क्रेडिटचे ६० तास. घटकांपुढे लिहिलेल्या तासांची बेरीज करून पाहायची. ६० आली नाही तर त्यात ट्युटोरियल किंवा प्रात्यक्षिकाचा भाग मिसळला असेल किंवा तुमच्या हातात अर्धाच कागद असेल. आमच्या पेपरात चार घटक होते : पहिला भाषेचं स्वरूप, १२ तास. दुसरा स्वनविचार, २० तास. तिसरा रूपविचार, १६ तास. चौथा अर्थविचार, १२ तास. बेरीज बरोबर ६०.

आता गंमत बघा. मैत्रिणीने वहीत आधीच एक हिशोब करून ठेवला होता. स्वनविचाराला ६० पैकी २० तास, म्हणजे एक तृतीयांश. सत्रान्त परीक्षा ८० गुणांची, तर त्याचे एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ २७ गुण या एका घटकावर. त्या हिशोबाने तिने चतुर्थीची सगळी सुट्टी स्वनविचाराला द्यायचं ठरवलं होतं. हिशोब गणित म्हणून चोख होता. फक्त तासांवरून गुण काढता येतात हे गृहीतक त्यात होतं, आणि कागदात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घटकापुढचे तास हे शिकवण्याचे तास. तो मजकूर वर्गात उलगडायला शिक्षकाला किती वेळ लागेल एवढंच ते सांगतात. वागिंद्रियांची आकृती काढायची, प्रत्येक व्यंजन उच्चारून दाखवायचं, मुलांकडून म्हणवून घ्यायचं, याला वेळ लागतोच. गुण किती हे ठरतं प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यावरून, आणि तो बहुतेक वेळा पीडीएफच्या शेवटच्या पानावर असतो किंवा वेगळ्या परिपत्रकात. काही ठिकाणी ही वाटणी स्पष्ट शब्दांत लिहून दिलेली असते. नेट परीक्षेच्या पहिल्या पेपराचंच बघा : दहा घटक, प्रत्येकावर पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. ५० प्रश्न, १०० गुण, विषय संपला. आपल्या पदवीच्या पेपरात इतकं सरळ क्वचितच लिहिलेलं असतं. ते आराखड्यातून काढावं लागतं.

आमच्या पेपराचा आराखडा असा होता. पहिला प्रश्न टीपांचा : प्रत्येक घटकावर दोन अशा आठ टीपा, त्यांतल्या कोणत्याही चार लिहायच्या, प्रत्येकी ५ गुण, एकूण २०. पुढचे चार प्रश्न दीर्घोत्तरी, प्रत्येकी १५ गुण, एकेका घटकावर एकेक, आणि प्रत्येकाला त्याच घटकातला 'किंवा'. चार पंधरे साठ आणि वीस, झाले ८०. वेळ तीन तास. उरलेले २० गुण आयएसएचे, ते आधीच होऊन गेले होते.

या चार ओळींतून प्रत्येक घटकासाठी दोन आकडे काढायचे. पहिला, त्या घटकावर जास्तीत जास्त किती गुणांचं लिहिता येईल. दुसरा, तो घटक पूर्ण सोडला तर किती गुण हमखास जातील. स्वनविचार घेऊ. त्यावर एक दीर्घोत्तर १५ गुणांचं आणि दोन टीपा १० गुणांच्या, म्हणजे जास्तीत जास्त २५. म्हणजे मैत्रिणीच्या हिशोबातले २७ गुण त्या घटकावर कुणालाच लिहिता येणार नव्हते! आणि तो सोडला तर जातील १५, कारण टीपा बाकीच्या तीन घटकांतल्या सहांमधून निवडता येतात. आता १२ तासांचा अर्थविचार घ्या. तिथेही जास्तीत जास्त २५ आणि सोडला तर १५. चारही घटकांना अगदी तेच. तासांच्या रकान्यात २० आणि १२ असा फरक दिसतो, गुणांच्या रकान्यात सगळे सारखे.

'किंवा' कुठे आहे हे म्हणून बारकाईने वाचायचं. तो घटकाच्या आत असेल तर घटक सोडता येत नाही, घटकातला एखादा मुद्दा सोडता येतो. याच अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका वेगळी असती तर? समजा, आठ दीर्घोत्तरी प्रश्न, प्रत्येक घटकावर दोन, आणि 'कोणतेही पाच सोडवा', प्रत्येकी १६ गुण. मग एक घटक पूर्ण सोडूनही सहा प्रश्न हाती राहतात आणि आपल्याला पाचच हवेत. गुण एकही जात नाही, फक्त निवडीला वाव उरत नाही. दोन घटक सोडले तर मात्र चारच प्रश्न राहतात आणि १६ गुण गेलेच. 'सीनियरनी एक युनिट सोडलं तरी चाललं' असं जे कानावर येतं ते खरं असू शकतं, पण ते कोणत्या आराखड्यात चाललं हे विचारल्याशिवाय आपण तसं करू नये.

पुढची पायरी मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते. प्रत्येक घटकात दीर्घोत्तरी प्रश्न होण्याजोगे मुद्दे किती आहेत ते मोजायचं. अभ्यासक्रमात घटकाखाली उपमुद्दे दिलेले असतात, तेच धरायचे. आमच्या स्वनविचारात पाच होते : वागिंद्रिये व स्वननिर्मिती, स्वर-व्यंजनांचं वर्गीकरण, स्वनिम व स्वनांतर, स्वनिम निश्चितीची तत्त्वं, आणि मराठीची स्वनिमव्यवस्था. परीक्षेत यांतल्या दोन मुद्द्यांवर प्रश्न येणार आणि आपण एक लिहिणार. पाचांतले चार तयार असतील तर विचारलेल्या दोनांपैकी किमान एक आपल्याला येतोच, कारण न केलेला मुद्दा एकच आहे आणि प्रश्न दोन आहेत. तीन मुद्दे असलेल्या घटकात याच न्यायाने दोन पुरतात. म्हणजे भाषेचं स्वरूप या घटकात दोन मुद्दे करून १५ गुणांची सोय होते, आणि स्वनविचारात त्याच १५ गुणांसाठी चार मुद्दे करावे लागतात. २० तासांचा घटक जड असतो तो असा : गुण तेवढेच, घाम जास्त.

या हिशोबाला मर्यादा आहेत. पेपर काढणाऱ्याने एकाच मुद्द्याचे दोन प्रश्न केले किंवा दोन मुद्दे जोडून एक प्रश्न विचारला तर तो कोलमडतो. असं होतं की नाही हे जुन्या प्रश्नपत्रिकांवरून पाहायचं. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने घटकाचा आकडा आणि मुद्द्याचं नाव लिहीत जायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्याआधी प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरचा कोर्स कोड आपल्या पीडीएफशी जुळवून घ्यायचा. मैत्रिणीकडे तीन प्रश्नपत्रिका होत्या. त्यांतल्या एकीत बोलीविज्ञानावर अख्खा प्रश्न होता आणि तो बघून ती घाबरली होती. कोड बघितला तर तो जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर निघाला. नव्या कागदात बोलीविज्ञान नव्हतंच. पेपराचं नाव तेच राहतं आणि आतला मजकूर बदलतो, म्हणून नावावर जाऊ नये. आणखी एक : 'प्रत्येक घटकावर एक प्रश्न' हे वाक्य कागदात लिहिलेलं आहे की नुसता आजवरचा रिवाज आहे, तेही तपासायचं. रिवाज असेल तर तो मोडू शकतो, आणि तेव्हा तक्रार करायला आपल्याकडे आधार नसतो. शंका असेल तर सरळ शिक्षकांना विचारावं. 'सर, इम्पॉर्टन्ट काय आहे?' या प्रश्नाला ते हसतात. 'सर, दीर्घोत्तरी प्रश्नाचा पर्याय त्याच घटकातला असेल ना?' याला मात्र नीट उत्तर देतात.

मग पाचांतला कोणता मुद्दा सोडायचा? इथे नुसतं मोजून भागत नाही, विषय कळावा लागतो. मैत्रीण म्हणाली, "स्वनिम-स्वनांतर डोक्यावरून जातं, तेच सोडते ना!" मी नको म्हटलं. मराठीत 'जग' हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. तालव्य ज असेल तर तो दुनिया या अर्थाचा, दंततालव्य ज असेल तर 'जगणे'चा आज्ञार्थ. लिहिताना अक्षर एकच, पण उच्चार बदलला की अर्थ बदलतो, म्हणून ते दोन वेगळे स्वनिम. ही गोष्ट एकदा कळली की स्वनिम निश्चितीची तत्त्वं निम्मी झालीच. आणि तिसऱ्या घटकातल्या रूपिका-रूपिकांतरात हाच विचार एक मजला वर चढतो. 'घोडा' आणि 'घोड्याला' यांत 'घोडा' आणि 'घोड्या' ही एकाच रूपिकेची दोन रूपं कशी, हे समजायला स्वनांतराची कल्पना डोक्यात बसलेली हवी. म्हणजे स्वनिम-स्वनांतर सोडलं तर दुसऱ्या घटकाबरोबर तिसराही लंगडा होतो. शेवटी तिने मराठीची स्वनिमव्यवस्था हा मुद्दा दीर्घोत्तरातून वगळला. त्यात पाठ करायला सगळ्यात जास्त आहे आणि पुढचं काही त्यावर अवलंबून नाही. मला व्यक्तिशः तो मुद्दा आवडतो, पण तिचे तास तिच्याकडेच मोजून होते.

रूपविचारात चार मुद्दे होते, त्यांतले तीन घेतले. अर्थविचारात तीनांतले दोन : अर्थपरिवर्तनाची कारणं आणि अर्थपरिवर्तनाचे प्रकार. हे दोन मुद्दाम जोडीने घेतले, कारण तीच उदाहरणं दोन्हीकडे चालतात. भाषेच्या स्वरूपातले दोन. सगळे मिळून दीर्घोत्तराचे अकरा मुद्दे झाले.

तास वाटताना घटकांकडे पाहिलं नाही. कोणता मुद्दा आधी झालेला आहे आणि कोणता कोरा आहे, एवढंच पाहिलं. आयएसएसाठी तिने भाषेचं स्वरूप पूर्ण केलं होतं आणि स्वनविचारातले पहिले दोन मुद्देही. झालेल्या मुद्द्याला उजळणीचा एक तास, कोऱ्याला दोन. पहिल्या घटकाचे दोन्ही झालेले, म्हणून दोन तास. दुसऱ्यात दोन झालेले आणि दोन कोरे, म्हणून सहा. तिसऱ्यात तीन कोरे, सहा. चौथ्यात दोन कोरे, चार. बेरीज अठरा. टीपांसाठी पहिला, तिसरा आणि चौथा असे तीन घटक निवडले, प्रत्येकी दोन तास. तीन घटकांतून सहा टीपा येणार आणि चारच लिहायच्या, म्हणजे दोन आल्या नाहीत तरी चालतं. दीर्घोत्तरातून वगळलेले त्या घटकांतले मुद्दे या दोन तासांत टीपेपुरते वाचून होतात, त्यामुळे ते अगदीच कोरे राहत नाहीत. अठरा आणि सहा, चोवीस.

तिच्याकडचे तास तीस. उरलेले सहा आम्ही लिहिण्यासाठी ठेवले, आणि ते कुठल्याही परिस्थितीत वाचनात खर्च करायचे नाहीत असं ठरवलं. त्यामागेही आराखडाच आहे. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. पेपर वाचायला दहा आणि शेवटी तपासायला दहा बाजूला काढली की १६० मिनिटांत ८० गुणांचं लिहायचं, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. १५ गुणांच्या उत्तराला अर्धा तास, टीपेला दहा मिनिटं. आवडती टीप दोन पानं लिहिणाऱ्याचा शेवटचा दीर्घोत्तरी प्रश्न अर्धवट राहतो तो इथे. दर आठवड्याला एक तास, घड्याळ लावून, पुस्तक मिटून दोन दीर्घोत्तरं. सहा आठवड्यांत बारा उत्तरं, म्हणजे अकरा मुद्दे प्रत्येकी एकदा तरी हाताखालून जातात.

त्यामुळे आठवडा ठरला : चार तास वाचन, एक तास लेखन. क्रम मात्र पीडीएफमधला ठेवला नाही. पहिल्या आठवड्यात स्वनविचारातले दोन झालेले मुद्दे उजळले आणि लगेच स्वनिम-स्वनांतर घेतलं. दुसऱ्यात स्वनिम निश्चिती आणि तिला चिकटून रूपिका-रूपिकांतर. तिसऱ्यात रूपविचाराचे उरलेले दोन. चौथ्यात अर्थविचार. पहिला घटक, जो तिला सगळ्यात चांगला येत होता, तो मुद्दाम पाचव्या आठवड्यात ढकलला, त्याबरोबर एका घटकाच्या टीपा. सहाव्यात उरलेल्या टीपा. आपल्याला येणाऱ्या घटकापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात पहिले दोन आठवडे छान जातात आणि कोरा भाग शेवटी तसाच राहतो.

कागदातले शब्दही थोडे ऐकायचे. 'स्थूल परिचय' असं लिहिलेल्या मुद्द्यावर १५ गुणांचा प्रश्न येण्याची शक्यता कमी, टीप येण्याची जास्त. अध्ययन निष्पत्तीत 'ओळखता येईल' असेल तर व्याख्या आणि उदाहरण पुरतं. 'विश्लेषण करता येईल' असेल तर प्रश्नात मराठी शब्द देऊन त्यातल्या रूपिका वेगळ्या करायला सांगू शकतात, आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही. अर्थात हे अंदाज आहेत. आराखडा म्हणजे नियम, निष्पत्तीचे शब्द म्हणजे सूचना, दोन्ही एका तराजूत घालू नयेत.

एका ठिकाणी ही सगळी पद्धत लागू पडत नाही, आणि तेच आपल्या मराठीवाल्यांचं मुख्य दुखणं आहे. साहित्यकृतीच्या पेपरात घटक म्हणजे एक अख्खी कादंबरी किंवा नाटक असतं आणि त्याखालचे मुद्दे कथानक, व्यक्तिचित्रण, भाषाशैली असे. तीनांतले दोन करतो म्हणून व्यक्तिचित्रण सोडायचं आणि कथानक ठेवायचं, असं करता येत नाही, कारण दोन्ही त्याच पानांवर आहेत. तिथे आधी कादंबरी वाचण्याचे तास पूर्ण बाजूला काढायचे. साडेतीनशे पानांच्या कादंबरीला, ताशी तीस पानं या वेगाने, बारा तास लागतात. तुमचा वेग अर्धा तास वाचून स्वतः मोजा. मग उरलेल्या तासांत मुद्द्यांची विभागणी. आठवड्याला पाच तास असणाऱ्याने ती कादंबरी सुट्टीतच वाचून ठेवायला हवी. सहा आठवड्यांच्या आखणीत ती मावणार नाही. चतुर्थीची सुट्टी माझ्या मैत्रिणीने शेवटी त्यासाठीच वापरली, दुसऱ्या पेपरातल्या कादंबरीसाठी.